फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढला तर: दुसऱ्या तापाचा अर्थ काय?

फ्लू झाला, तीन-चार दिवस अंग फणफणले, मग ताप उतरला. रुग्ण जेवू लागला, अंगणात बसू लागला. आणि दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा थंडी वाजून ताप भरला. आपल्याकडे याला 'दुखणे उलटले' असे म्हणतात. घरात मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. 'अंगात राहिलेला ताप आहे, निघून जाईल' हा एक, आणि 'मेडिकलमधून आधीचीच गोळी आणा' हा दुसरा. दोन्हींमध्ये एक गोष्ट सुटते. फ्लूचा विषाणू सहसा असा दोनदा ताप देत नाही. मधले एक-दोन दिवस खरोखर बरे गेले असतील आणि नंतर ताप आला असेल, तर बहुतेक वेळा त्याचे कारण नवे असते. त्यातले सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया.

हा लेख त्या दुसऱ्या तापाविषयी आहे. तो कसा ओळखावा, घरी काय मोजावे, कोणत्या तपासण्या लागतात आणि दवाखान्यात कधी पोहोचावे, हे क्रमाने पाहू.

फ्लूचा नेहमीचा प्रवास

फ्लू म्हणजे इन्फ्लूएन्झा. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप अचानक सुरू होतो. डोके, पाठ, पिंढऱ्या दुखतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला लागतो. ताप १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटपर्यंत जातो आणि साधारण तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा मात्र पुढे दोन आठवडेही रेंगाळू शकतो. म्हणजे ताप गेल्यावर खोकला राहणे हे नेहमीचे आहे, पण ताप गेल्यावर ताप परत येणे हे नेहमीचे नाही.

आपल्या भागात फ्लूचे रुग्ण वर्षातून दोन वेळा वाढतात: एकदा पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी, दुसऱ्यांदा थंडी सरताना. पावसाळ्यातली वेळ डेंग्यू आणि हिवतापाचीही असते. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात उलटलेल्या तापाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ते पुढे येईलच.

आधी खात्री करा: ताप खरोखर गेला होता का?

पॅरासिटामॉलची गोळी ताप बरा करत नाही, चार ते सहा तास खाली आणते. गोळीचा असर संपला की ताप पुन्हा चढतो. रुग्ण सकाळी गोळी घेतो, दुपारी बरे वाटते, रात्री फणफणतो. हे उलटणे नव्हे, तो पहिलाच ताप अजून चालू आहे.

तापाचे कोणतेही औषध न घेता पूर्ण २४ तास थर्मामीटरवर ताप १०० च्या खाली राहिला, तरच ताप गेला असे समजावे. त्यानंतर पुन्हा १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो दुसरा ताप. हाताने कपाळ चाचपून हा फरक कळत नाही. म्हणून घरात थर्मामीटर ठेवा आणि वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, ताप आणि दिलेली गोळी एवढे चार रकाने लिहा. डॉक्टरांसमोर हे पान ठेवले की अर्धे निदान तिथेच होते.

आणखी एका गोष्टीमुळे घोटाळा होतो. काही रुग्णांनी पहिल्या तापात चिठ्ठीशिवाय मिळालेल्या पुड्या किंवा मिश्र गोळ्या घेतलेल्या असतात आणि त्यांत कधीकधी स्टिरॉइड असते. स्टिरॉइडमुळे ताप आणि अंगदुखी झपाट्याने दबते, भूकही लागते, पण आतला आजार तसाच राहतो. पुडी थांबली की ताप परत येतो. असे काही घेतले असेल तर न लपवता सांगा. शक्य असेल तर रिकामे पाकीट सोबत आणा.

दुसरा ताप का येतो?

आपल्या श्वासनळीच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ, जंतू, कफ घशाकडे वर ढकलतात. फुप्फुसाचा हा झाडू समजा. फ्लूचा विषाणू नेमक्या याच थरावर हल्ला करतो. ताप तीन-चार दिवसांत जातो, पण झडलेला थर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. त्याच काळात जिवाणूंना गिळून टाकणाऱ्या फुप्फुसातल्या पेशीही काही दिवस मंदावलेल्या असतात.

अनेक निरोगी माणसांच्या नाका-घशात न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू शांतपणे राहत असतात. झाडू चालू असतो तोवर ते खाली उतरत नाहीत. झाडू बंद पडला की ते फुप्फुसात जातात, तिथे वाढतात आणि फुप्फुसाचा एखादा भाग पू व द्रवाने भरतो. हाच जिवाणूंचा न्यूमोनिया. जिवाणू वाढायला वेळ लागतो, म्हणून मध्ये बरे दिवस दिसतात. फ्लू सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्या आठवड्यात हा ताप येतो.

फ्लूचा विषाणू स्वतःही न्यूमोनिया करू शकतो. पण त्यात मधला बरा काळ नसतो. पहिल्या दोन-चार दिवसांतच धाप वाढत जाते आणि ताप उतरतच नाही. तोही गंभीर आजार आहे, त्यामुळे बरे दिवस आले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागात

१९१८ साली इन्फ्लूएन्झाची जी जागतिक साथ आली, ती भारतात मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरातून शिरली आणि रेल्वेमार्गाने देशभर पसरली. तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि त्या काळी भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. ब्रिटिश भारतात या साथीने सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी हा एक. उन्हाळ्यातली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेने हाहाकार केला.

इथे एक फरक लक्षात घ्या. साथीची दुसरी लाट आणि एकाच रुग्णातला दुसरा ताप या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींचा धागा एका ठिकाणी जुळतो. त्या वेळी जपून ठेवलेले मृतांच्या फुप्फुसांचे नमुने अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला: बहुतेक मृत्यूंत विषाणूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाचा मोठा वाटा होता. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. आज औषध आहे. ते वेळेत सुरू होणे एवढाच प्रश्न उरतो, आणि ती वेळ दुसरा तापच सांगतो.

एक उदाहरण, दिवसागणिक

पुढचे उदाहरण कोणा एका रुग्णाचे नाही. नेहमी दिसणाऱ्या अनेक रुग्णांवरून ते जुळवले आहे.

गोरेगाव तालुक्यातले ५२ वर्षांचे एक शेतकरी. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. घरातल्या नातवाला सर्दी-ताप होऊन गेला आहे.

पहिल्या दिवशी दुपारी अचानक थंडी वाजून १०२.६ ताप आला. अंगदुखी, कोरडा खोकला. दुसऱ्या दिवशी १०३. तिसऱ्या दिवशी १०१.४. चौथ्या दिवशी ९९.४. पाचव्या दिवशी गोळी न घेता ९८.६. भूक लागली, आंघोळ केली. सहाव्या दिवशीही ताप नाही, म्हणून सकाळी बांधीवर चक्कर मारून आले. इथपर्यंत हा साधा फ्लू आहे.

सातव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन पांघरुणे घेतली तरी थरथर थांबेना. ताप १०३.२. खोकला आता कोरडा राहिला नाही, पिवळसर-तांबूस बेडका पडू लागला. श्वास आत घेताना उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ येत होती, म्हणून ते त्याच कुशीवर दाबून झोपले.

आठव्या दिवशी सकाळी दवाखान्यात नाडी मिनिटाला ११८, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९३ टक्के. स्टेथोस्कोपने उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात केस चोळल्यासारखा करकर आवाज. हिवतापाची झटपट चाचणी निगेटिव्ह, रक्तपट्टीही घेतली. पांढऱ्या पेशी १७,४०० आणि त्यांत न्यूट्रोफिल ८८ टक्के. साखर २६८. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली पांढरा डाग.

आता हे सगळे एकत्र वाचू. मधले दोन दिवस औषधाशिवाय ताप नव्हता, म्हणजे हा दुसरा ताप खरा आहे. हुडहुडी, रंगीत बेडका आणि एका जागची कळ फुप्फुसाकडे बोट दाखवतात. साध्या फ्लूत पांढऱ्या पेशी सहसा इतक्या वाढत नाहीत, उलट कधी कमीच असतात. एक्स-रेने जागा दाखवली. श्वास वाढलेला, ऑक्सिजन कमी, त्यात मधुमेह आणि चढलेली साखर, म्हणून घरी गोळ्या देण्याऐवजी भरती करणे योग्य. शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि साखरेसाठी इन्सुलिन सुरू झाले की अशा रुग्णाचा ताप साधारण दोन ते तीन दिवसांत उतरू लागतो.

हाच माणूस बाराव्या दिवसापर्यंत घरी थांबला असता, तर फुप्फुसाभोवती पू साठणे किंवा जिवाणू रक्तात पसरून रक्तदाब कोसळणे यांची शक्यता बरीच वाढली असती.

घरी श्वास कसा मोजावा?

तापाच्या आकड्यापेक्षा श्वासाचा आकडा जास्त सांगतो आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्ण शांत बसलेला किंवा पडलेला असताना छाती-पोटाची हालचाल पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतोय असे सांगू नका, सांगितले की श्वास बदलतो. लहान मूल रडत किंवा दूध पीत असेल तर थांबा, शांत झाल्यावर मोजा. शक्य असेल तर ताप थोडा उतरल्यावर पुन्हा मोजा, कारण नुसत्या तापानेही श्वास काहीसा वाढतो.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २४ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० किंवा त्याहून जास्त असेल तर थेट रुग्णालय गाठा. लहान मुलांत हद्द वयानुसार बदलते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसू नका, निघा.

ऑक्सिमीटर असेल तर पाच मिनिटे बसल्यावर, बोट गरम करून, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी तपासणी हवी. ९० च्या खाली ही तातडीची बाब आहे. मात्र आकडा ९७ आहे म्हणून न्यूमोनिया नाही, असे होत नाही. सुरुवातीला ऑक्सिजन ठीक असू शकतो.

वृद्ध माणसांत चित्र फसवे असते. ताप थोडाच येतो किंवा येतच नाही, खोकलाही जोरात नसतो. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, जेवण सोडले, उठवत नाही, पडल्या, एवढेच दिसते. फ्लूनंतर असा बदल झाला तर तो दुसरा तापच समजून तपासा.

गोंदियात हे आजारही मनात ठेवावे लागतात

शहरात लिहिलेल्या लेखांत फ्लू आणि न्यूमोनियावर विषय संपतो. आपल्या जिल्ह्यात तसे करता येत नाही, कारण पहिला आजार फ्लूच होता याची खात्री अनेकदा नसते. घरी 'व्हायरल' म्हटलेला ताप दुसराच काही असू शकतो.

*हिवताप.* सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यांत राहणाऱ्या किंवा तिकडे जाऊन आलेल्या माणसात ताप येतो-जातो असा असेल, तर हिवतापाची तपासणी कधीही चुकवू नये. व्हायवॅक्स प्रकारात पुरेसे दिवस गेल्यावर ताप एक दिवसाआड येतो. मधला दिवस इतका चांगला जातो की माणूस शेतात जातो. फॅल्सिपॅरम प्रकार मेंदू आणि मूत्रपिंडावर जाऊ शकतो. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी मोफत होते. एक तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा रक्त द्या. पूर्वी व्हायवॅक्स झाला असेल आणि १४ दिवसांच्या गोळ्या अर्धवट सोडल्या असतील, तर यकृतात दडलेले जंतू आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. तेही नक्की सांगा.

*डेंग्यू.* यातही ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा चढू शकतो. पण डेंग्यूत खरा धोका मधल्या उतारात असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, आणि काही रुग्णांत त्याच वेळी रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपू लागते. म्हणून ताप उतरल्यावर बरे वाटायला हवे. ताप नाही, पण पोट जोरात दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या किंवा नाकातून रक्त येते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, असे असेल तर ताबडतोब रुग्णालयात जा. डेंग्यूची शंका संपेपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या किंवा इंजेक्शन टाळा, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

*लेप्टोस्पायरोसिस.* रोवणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास चिखलात उभी असतात. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतले जंतू पायाच्या जखमेतून शरीरात जातात. या आजाराचे दोन टप्पे असू शकतात: पहिला ताप साधारण आठवडाभर, मग थोडे बरे दिवस, मग पुन्हा ताप आणि जोराची डोकेदुखी. डोळे लाल होणे, पिंढऱ्या दाबल्यावर खूप दुखणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे हे इशारे आहेत. 'चिखलात काम केले' हे वाक्य डॉक्टरांना सांगणे इथे फार मोलाचे असते.

सौम्य कारणेही असतात

प्रत्येक दुसरा ताप म्हणजे न्यूमोनिया नव्हे. लहान मुलांत फ्लूनंतर कानाच्या पडद्यामागे संसर्ग होतो. मूल रात्री रडते, कान ओढते, ताप चढतो. मोठ्यांमध्ये सायनसचा संसर्ग होतो. सर्दी उतरता उतरता पुन्हा वाढते, गाल किंवा कपाळ दुखते, वाकल्यावर दुखणे वाढते आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो. शाळेत किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला दुसराच एखादा विषाणूही लागू शकतो. तेव्हा नाक नव्याने वाहू लागते, पण मूल खेळते आणि श्वास साधा असतो.

या आणि गंभीर कारणांत फरक करायला श्वास, ऑक्सिजन, छातीतली कळ आणि रुग्ण एकंदर कसा दिसतो एवढे तपासावे लागते. म्हणून दुसरा ताप आला की घाबरू नका, पण त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी तपासून घ्या.

अँटिबायोटिक: कधी आणि का

'मग पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक घेतले तर न्यूमोनिया टळेल ना?' हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर नाही असे आहे. फ्लू विषाणूने होतो आणि विषाणूवर ही औषधे चालत नाहीत. आधी घेतलेल्या गोळ्यांनी नाका-घशातले साधे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे शिल्लक राहतात. पुढे न्यूमोनिया झालाच, तर तो याच चिवट जिवाणूंचा असतो. मार्च २०२३ मध्ये फ्लूची साथ वाढली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही अशा तापात अँटिबायोटिक देऊ नयेत असे डॉक्टरांना कळवले होते.

दुसऱ्या तापात हिशेब बदलतो. न्यूमोनियाचे निदान झाले की अँटिबायोटिक लागतेच आणि ते उशीर न करता सुरू व्हायला हवे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला नाही तरी तपासणीत न्यूमोनिया वाटत असेल, तर डॉक्टर औषध सुरू करू शकतात, कारण डाग उमटायला थोडा वेळ लागतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला गोळ्या पुरतात, साधारण पाच ते सात दिवस. फ्लूचा विषाणू अजून असेल आणि आजार गंभीर असेल, तर सोबत ओसेल्टामिव्हिरही दिले जाते. बेडक्यात रक्त आणि काही तासांत खालावणारी प्रकृती असेल, तर स्टॅफिलोकोकसची शंका येते. त्याला वेगळी औषधे आणि मोठे रुग्णालय लागते.

औषध सुरू करून ४८ ते ७२ तास झाले आणि ताप तसाच आहे, तर गोळी आपणहून बदलू नका, परत दाखवा. फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साठलेला असू शकतो, जंतू औषधाला दाद देत नसेल किंवा निदानच वेगळे असेल. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयरोगासाठी बेडका तपासून घ्या. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे.

कोणी अजिबात वाट पाहू नये?

काही रुग्णांत दुसरा ताप आला की श्वास मोजून 'ठीक आहे' म्हणत घरी थांबणे योग्य नाही. दोन वर्षांच्या आतली मुले, ६५ च्या पुढचे वृद्ध, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, रोज दारू पिणारे, आणि स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणारे यांनी त्याच दिवशी तपासून घ्यावे.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागेल. सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही आणि न्यूमोकोकस जिवाणू रक्तात फार वेगाने पसरतो. शिवाय फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अडून छातीत कळ, ताप आणि धाप असा जीवघेणा त्रास होऊ शकतो. सिकलसेलचे कार्ड असलेल्या रुग्णाला १०१ च्या वर ताप आला, तर पहिला असो वा दुसरा, थेट रुग्णालयात न्या आणि कार्ड सोबत ठेवा.

आधीच काय करता येते?

बाळांना दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. हे डोस चुकवू नका. वर सांगितलेल्या जोखमीच्या मोठ्या माणसांनी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. फ्लूच्या दिवसांत आणि त्यानंतर दोन आठवडे बिडी, सिगारेट आणि चुलीचा धूर टाळणे हेही औषधाइतकेच गरजेचे आहे, कारण अर्धमेल्या झाडूवर धूर आणखी भार टाकतो. ताप उतरल्यावर लगेच रोवणी-कापणीला जाऊ नका. चार-पाच दिवस थर्मामीटर लावत राहा.

तापासाठी मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून. मुलांना वजनानुसार, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. फ्लूच्या तापात १८ वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते.

१०८ ला फोन कधी करावा?

बोलताना एक वाक्य पूर्ण करता येत नाही इतकी धाप, ओठ किंवा नखे निळसर होणे, ऑक्सिजन ९० च्या खाली, बेडक्यात रक्त, झटका, शुद्ध हरपणे किंवा असंबद्ध बोलणे, लघवी जवळपास बंद होणे, बाळाने दूध सोडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोहोचा. तिथून गरज पडल्यास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाते. निघताना तापाची वही, आधीच्या गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या आजारांचे कागद सोबत घ्या. ताप कोणत्या तारखेला उतरला आणि कोणत्या तारखेला परत आला, हे पोहोचल्याबरोबर आधी सांगा.